वरणातली डाळ मोजताना



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी वर्गातच ओळखत होते. ते गणित शिकवायचे आणि उदाहरणं नेहमी घरातली द्यायचे: पोत्यातली ज्वारी, विहिरीतलं पाणी, किराण्याची चिठ्ठी. मी पुढं गृहविज्ञान शिकवलं, आणि इतकी वर्षं आहार शिकवून झाल्यावर माझ्या हाती शेवटी एक हिशेबच उरला. तो आज तुमच्यापुढं मांडते. दूध, दही, अंडं, मांस यांतलं काहीही न घेता अंगाला लागतील एवढी प्रथिनं वऱ्हाडातल्या रानात आणि बाजारात मिळणाऱ्या धान्याडाळींतून कशी मिळवायची, असा तो हिशेब आहे.

‘वीगन’ हा शब्द शहरातून आला, म्हणून तो परका वाटतो. पण आपल्याकडं कितीतरी घरांत दूध फक्त चहापुरतं येतं. तो चहा वगळला तर ती घरं वीगनच आहेत, शब्द माहीत नसला तरी. कुणाला दूध पचत नाही, कुणाला परवडत नाही, आणि हल्ली काही तरुण मुलं जनावरांच्या कणवेपोटी दूध सोडतात. कारण कोणतंही असो, ताटातून दूध गेलं की त्याची जागा कशानं भरायची हा प्रश्न सगळ्यांना सारखाच पडतो.

आधी ज्वारीबद्दल बोलू. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं असतात. आकडा वाईट नाही. अडचण प्रथिनाच्या घडणीत आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्यांतली नऊ आम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. एखादं कमी पडलं की बाकीची कितीही असली तरी शरीराचं बांधकाम तिथंच अडतं. ज्वारीत कमी पडणारं आम्ल म्हणजे लायसिन. मोठ्या माणसाच्या अन्नातल्या दर ग्रॅम प्रथिनात ४५ मिलिग्रॅम लायसिन असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचं २००७चं माप आहे. ज्वारीत ते २३च्या आसपास भरतं. गहू थोडा बरा, तांदूळ त्याहून बरा, पण मापाला तिघंही उतरत नाहीत.

डाळींचं नेमकं उलटं आहे. तूर, मूग, उडीद, हरभरा यांच्या दर ग्रॅम प्रथिनात लायसिन पासष्ट-सत्तर मिलिग्रॅम असतं. त्यांच्यात उणीव असते ती गंधकयुक्त आम्लांची, म्हणजे मेथिओनिन आणि सिस्टीन यांची, आणि ती धान्यांत पुरेशी असतात. एकाची तूट दुसरा भरतो.

या जोडीचं सगळ्यात सुबक रूप मला कळण्याच्या भाकरीत दिसतं. खानदेशात ती जास्त चालते, आपल्याकडं बुलढाणा-अकोल्याच्या पट्ट्यातही करतात. चार किलो ज्वारी, एक किलो सालासकट अख्खा उडीद आणि मूठभर खडेमीठ एकत्र चक्कीवर द्यायचं. या पिठाच्या शंभर ग्रॅममध्ये ऐंशी ग्रॅम ज्वारीतून आठ ग्रॅम आणि वीस ग्रॅम उडदातून सव्वाचार-साडेचार ग्रॅम, अशी साडेबारा ग्रॅमच्या जवळ प्रथिनं येतात. खरा फरक मात्र लायसिनमध्ये पडतो. नुसत्या ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात ते जेमतेम २३० मिलिग्रॅम असतं, कळण्यात ४८०च्या आसपास. पाचव्या हिश्शाच्या उडदानं लायसिन दुप्पट होतं. उडदाला चिकटपणा असल्यामुळं भाकरी थापताना कडा फुटत नाहीत आणि ती संध्याकाळपर्यंत मऊ राहते. उडीद याहून वाढवला तर पीठ हाताला चिकटतं, भाकरी जड होते आणि पोटात वारा धरतो. म्हणून चारास एक हेच माप ठेवावं.

आता एका गैरसमजाबद्दल थोडं थांबून बोलते, कारण तो माझ्याही पिढीनं शिकवला. १९७१ साली अमेरिकेत फ्रान्सेस मूर लापे यांचं एक पुस्तक गाजलं. वनस्पतिजन्य प्रथिनांची जोडी त्याच जेवणात, त्याच ताटात जमवली पाहिजे, असा समज त्यातून जगभर पसरला. दहा वर्षांनी, १९८१च्या आवृत्तीत, लापेबाईंनी स्वतःच लिहिलं की हे आपण उगाच अवघड करून ठेवलं होतं. पुढं १९९४ साली व्हर्नन यंग आणि पीटर पेलेट या शास्त्रज्ञांनी या विषयाचा सविस्तर आढावा घेतला, आणि दिवसभरात वेगवेगळ्या वेळी खाल्लेली धान्यं आणि डाळी एकमेकांना पूरक ठरतात हे नीट मांडलं. कारण असं की पचलेली अमिनो आम्लं लगेच वाहून जात नाहीत. रक्तात आणि स्नायूंत त्यांचा थोडा सुटा साठा राहतो, आणि लायसिनचा तर स्नायूंतला साठा बऱ्यापैकी असतो. सकाळच्या मुगातलं लायसिन दुपारच्या भाकरीच्या कामी येतं.

पण या साठ्याची मजल काही तासांची आहे, आठवड्याची नाही. सोमवार ते शनिवार भाकरी-ठेचा खाऊन रविवारी वडाभात केला, तर रविवारचं लायसिन मागच्या सोमवारपर्यंत पोचत नाही. दिवसाचा हिशेब दिवसातच जुळवावा लागतो.

तो हिशेब आता करूच. पन्नास किलो वजनाची, घर आणि थोडं शेत सांभाळणारी बाई डोळ्यांपुढं आणा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेलं माप आहे किलोमागं ०.८३ ग्रॅम, म्हणजे या बाईला साडेएकेचाळीस ग्रॅम. पण हे माप चांगल्या दर्जाच्या प्रथिनाचं आहे. अन्न सगळं वनस्पतींचं असेल तर किलोमागं एक ग्रॅम धरावं, असं मी सांगते. म्हणजे पन्नास ग्रॅम. या वाढीव मापाला ज्वारीपुरतं आणखी एक कारण आहे: पाण्यात शिजवल्यावर ज्वारीचं प्रथिन आवळून बसतं आणि कागदावर दिसतं तेवढं पचत नाही. लायसिन किलोमागं तीस मिलिग्रॅम, म्हणजे दीड हजार लागतं. पचनातली घट धरून अठराशे धरू.

पहिला दिवस असा, जो मी कितीतरी घरांत पाहिला आहे. सकाळी कोरा चहा आणि पन्नास ग्रॅम पोहे. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. रात्री शंभर ग्रॅम तांदळाचा भात, पातळ वरण, एक पोळी. पोट भरतं, ताटात वरणही असतं. पण त्या वरणात तिच्या वाट्याला डाळ किती येते? पाच माणसांत मूठभर डाळ आणि तपेलंभर पाणी, म्हणजे माणशी बारा ग्रॅम. अशा दिवसाची बेरीज तीस ग्रॅम प्रथिनं आणि हजाराला टेकणारं लायसिन. दोन्हीकडं मोठी तूट.

दुसरा दिवस त्याच बाईचा, त्याच बाजारातला. सकाळी तेवढेच पोहे, पण सोबत मोड आलेल्या मुगाची उसळ, कोरडे मूग तीस ग्रॅम. दुपारी कळण्याच्या दोन भाकरी, म्हणजे एकशेवीस ग्रॅम पीठ, वांग्याचं भरीत आणि वीस ग्रॅम शेंगदाण्याची चटणी. चारच्या सुमारास पंचवीस ग्रॅम फुटाणे. रात्री साठ ग्रॅम तांदळाचा भात, तीस ग्रॅम तुरीच्या डाळीचं घट्ट वरण आणि दहावा हिस्सा सोयाबीन घातलेल्या कणकेची एक पोळी. सकाळचे दहा ग्रॅम, दुपारचे साडेएकोणीस, फुटाण्यांचे पाच आणि रात्रीचे साडेसोळा मिळून एक्कावन्न ग्रॅम होतात. लायसिन सव्वादोन हजारांच्या वर जातं. शेतात निंदणाला जायच्या दिवशी आणखी एक-दोन भाकरी हव्यातच. अंगाला लागणारी शक्ती कमी पडली तर शरीर हीच प्रथिनं जाळून काम भागवतं, आणि मग हा सगळा हिशेब वाया जातो.

दोन्ही दिवसांत पदार्थांची नावं फारशी वेगळी नाहीत, हे लक्षात घ्या. वरण दोन्हीकडं आहे. बारा ग्रॅमचं तीस झालं, उडीद भाकरीत गेला, मूग आणि फुटाणे आले.

आता सोयाबीनकडं येते, आणि इथं मला मनापासून वाईट वाटतं. गेल्या तीन-चार दशकांत आपल्या शिवारात ज्वारी मागं पडली आणि सोयाबीन पसरलं. जेएस ३३५ हे वाणाचं नाव इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. घरासमोर पोत्यांची थप्पी लागते, ती बाजार समितीत जाते, तिथून तेलगिरणीत. तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये पस्तीस-सदतीस ग्रॅम प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीत बावीस. आणि ज्या घरानं ते पिकवलं त्या घराच्या डब्यात त्याचा दाणा नसतो.

तो का नसतो, हे मला स्वतःच्या फजितीतून कळलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी घरचं सोयाबीन कच्चंच गव्हात मिसळून दळून आणलं. पोळ्यांना कडवट, हिरवट वास आला आणि दोन दिवस घरभर पोटदुखी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी ते पीठ गुपचूप गाईला घातलं. चूक माझी होती. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन-रोधक असतात. आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणाऱ्या विकराला ते अडवतात. तव्यावरच्या मिनिटभराच्या भाजण्यानं ते पुरते मोडत नाहीत. वासाला कारण दुसरं विकर आहे. कच्चा दाणा थंड पाण्यात भिजवून वाटला की दाण्यातल्या तेलाशी त्याची गाठ पडते आणि तो हिरवट वास सुटतो. दोन्हींवर उपाय एकच आहे, दाणा फुटण्याआधी त्याला भरपूर ओली उष्णता देणं.

रीत अशी. एक किलो निवडलेल्या सोयाबीनला तीन लिटर पाणी. पाणी आधी खळखळा उकळू द्यायचं आणि मग त्यात दाणे सोडायचे. पुन्हा उकळी फुटल्यापासून पंचवीस मिनिटं मोजायची. पाणी फेकून द्यायचं, दाणे थंड पाण्यात चोळून सालं काढायची आणि दोन कडक उन्हांत वाळवायचं. वाळलेला दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे, दबला तर अजून ऊन हवं. शिजला की नाही हे उकळतानाच पाहावं: एक दाणा चिमटीत दाबून दोन दळं वेगळी करा, मधे कच्चा, पांढरट गाभा दिसला किंवा जिभेला कडवट लागलं तर आणखी पाच-सात मिनिटं ठेवा. मग नऊ किलो गव्हात हा एक किलो मिसळून दळायला द्या. सोयाबीन एकटं दळू नका. त्यातल्या तेलानं चक्कीचे दगड बुजतात आणि चक्कीवाला पुन्हा दळून द्यायला नकार देतो. कणीक जरा जास्त पाणी पिते, पोळी किंचित पिवळसर होते. शंभर ग्रॅम नुसत्या कणकेत लायसिन २६५ मिलिग्रॅमच्या घरात असतं, या मिश्रणात ४५०च्या पुढं जातं. हे पीठ पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात आठच. खवट वास आला की टाकावं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतलं उरलेलं बियाणं कधीही खाण्यात घेऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुधा गुलाबी किंवा लालसर रंगाचं. धुऊन रंग जातो, औषध जात नाही. खाण्यासाठी मळणीनंतरचंच सोयाबीन निवडून वेगळं बाजूला काढा.

इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं एनआरसी १२७ नावाचं वाण काढलं आहे. त्यात या रोधकांपैकी मुख्य असलेला कुनित्झ रोधक नाही. ते आपल्या रानात रुळलं तर काम सोपं होईल. तरी दाणा उकळायचा सोडू नये असंच माझं मत आहे. ज्यांना हा खटाटोप नको त्यांच्यासाठी बाजारातल्या सोयावड्या आहेत. तेल काढलेल्या पिठाच्या असल्यानं त्यांच्यात निम्म्याहून जास्त प्रथिन असतं. कोरड्या पंचवीस ग्रॅम वड्यांत तेरा ग्रॅम. गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, पाटोडीच्या रश्श्यासारख्या झणझणीत रश्श्यात टाकल्या की मुलं आवडीनं खातात.

या वड्यांचा खरा उपयोग गरोदर बाईला आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत रोज बावीस ग्रॅम प्रथिन जास्त लागतं. पोटात जागा उरलेली नसते, भाकरी वाढवून ते साधत नाही. वर सांगितलेल्या दिवसात पंचवीस ग्रॅम सोयावड्या आणि मूठभर शेंगदाणे वाढवले की ते बावीस बरेचसे भरून निघतात. लहान मुलाचंही तसंच आहे. वरणावरचं पाणी पाजून त्याचं पोट भरतं, अंग भरत नाही. त्याला डाळ घोटून, घट्ट द्यावी.

डाळींना जे जमत नाही तेही सांगितलं पाहिजे. बी-१२ जीवनसत्त्व कोणत्याही डाळीत, धान्यात, मोडांत किंवा आंबवलेल्या पिठात भरवशानं मिळत नाही. दूधही सोडलेल्या माणसानं डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याची गोळी घ्यावीच. हातापायांना मुंग्या येऊ लागेपर्यंत वाट पाहिली तर नसांना झालेली इजा पुरती भरून येत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी माझा पन्नास ग्रॅमचा हिशेब स्वतःला लावू नये, त्यांचं माप त्यांचे डॉक्टर ठरवतील. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवावं.

शेवटी गुरुजींच्या किराण्याच्या चिठ्ठीकडं येते. परतवाड्याची माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिची मुलगी पुण्याहून शिकून आली आणि दूध सोडते म्हणाली, तेव्हा ही घाबरून माझ्याकडं आली. मी म्हटलं, वरण करतेस ना? “मॅडम, वरण तर रोजच करतो जी.” मी तिच्याकडून महिन्याची चिठ्ठी मागवली. चार मोठी माणसं, तुरीची डाळ तीन किलो, हरभऱ्याची एक किलो, मूग अर्धा किलो. साडेचार किलोला चार माणसांनी आणि तीस दिवसांनी भागलं तर माणशी रोज साडेसदतीस ग्रॅम पडतात.

पोषण संस्थेच्या दोन हजार उष्मांकांच्या ताटात रोज पंच्याऐंशी ग्रॅम डाळ-कडधान्यं आणि वर तीनशे मिलिलिटर दूध-दही धरलं आहे. त्या दुधातून नऊ-दहा ग्रॅम प्रथिन येतं, आणि ते भरून काढायला सत्तावीस ग्रॅम सोयाबीन किंवा पंचेचाळीस ग्रॅम डाळ लागते. म्हणजे दूध सोडून त्याजागी सोयाबीन घेतलं तर रोज एकशेदहा-पंधरा ग्रॅम, आणि चौघांच्या घरात महिन्याला साडेतेरा किलो. मगाशी सांगितलेल्या दुसऱ्या दिवसातले मूग, उडीद, फुटाणे, तूर आणि सोयाबीन मिळवून पाहा, ते एकशेतेरा ग्रॅम भरतात.

साडेतेरा ऐकून ती गप्पच झाली. चार किलोवरून तेरावर एका महिन्यात गेलं तर पोटं बिघडतात, म्हणून आम्ही चार महिने घेतले. पहिल्या महिन्यात फक्त वरण घट्ट केलं. दुसऱ्यात दोन किलो उडीद ज्वारीत गेला. तिसऱ्यात मूग भिजायला लागले, आणि चौथ्यात दिवाळीनंतरच्या उन्हात घरचंच तीन किलो सोयाबीन उकळून गच्चीवर वाळलं. मधे एकदा अडलं. तिच्या सासूबाईंना दात नाहीत, उसळ आणि फुटाणे चावत नाहीत. त्यांच्यासाठी फुटाण्यांचं पीठ करून भाकरीसोबत पिठलं सुरू केलं, आणि सोले निघायच्या दिवसांत हिरव्या तुरीचे दाणे वाटून आमटी. परवा तिनं मला नवी चिठ्ठी आणून दाखवली. बारा किलो भरली. सोयाबीन त्या चिठ्ठीत नव्हतं, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, “ते कायले लिहू जी, ते तर आपल्याच वावरातलं हाय.”